पीई ४ म्हणजे स्वस्त, ५४ म्हणजे महाग?

कोकणकन्या: मार्च २०२२ अखेरचे आकडे काढून बसलेय. टाटा स्टीलचा पीई, म्हणजे शेअरचा भाव शेअरमागच्या वर्षाच्या नफ्याच्या किती पट ते, ४ च्या आसपास, हिंदुस्थान युनिलिव्हरचा ५४. तेव्हा साबण विकून पोलाद घेणाराच शहाणा, नाही का?

आकडेमोड: शंभर टक्के. चार वर्षांत नफ्यातूनच पैसे वसूल. साबणवाल्याला ५४ वर्षं थांबावं लागेल!

भट्टीवाला: आकडेमोड, नफा दरवर्षी तेवढाच राहिला तर. मी पोलाद उद्योगात बरीच वर्षं काढली. २०२१-२२ मध्ये पोलादाचे भाव आभाळाला भिडले होते, कंपनीचा एकत्रित नफा ४१,७०० कोटींच्या वर गेला. मे २०२२ मध्ये सरकारने निर्यातीवर १५ टक्के शुल्क लावलं, जगभरात भावही उतरले. पुढच्या वर्षी नफा ८,००० कोटींवर, त्याच्या पुढच्या वर्षी जवळपास ४,९०० कोटींचा तोटा. बाजाराला हे आधीच दिसत होतं, म्हणून त्याने ऐन सुगीतल्या नफ्याला चारपटच भाव दिला. साबणाचं तसं नाही. मंदी आली म्हणून कोणी आंघोळ सोडत नाही.

उसाचा_फड: माझा साखर कारखान्याचा शेअर १८० ला घेतला तेव्हा पीई ५ होता, आता २२ दाखवतोय. म्हणजे चौपट फायद्यात ना?

भट्टीवाला: आज भाव काय आहे?

उसाचा_फड: १४०.

भट्टीवाला: मग फायदा कसला? तेव्हा शेअरमागे नफा ३६ रुपये होता, आता सहा-साडेसहा. नफा भावापेक्षा जोरात पडला, म्हणून पीई फुगला. पोलादातही मार्च २०२३ ला भाव वर्षभरापूर्वीपेक्षा खाली होता आणि पीई १४ च्या घरात.

आकडेमोड: पण मार्च २०२४ ला टाटा स्टील कुठे होता? शेअरच्या विभाजनाचा हिशोब धरून १३० चा १५५ झाला. युनिलिव्हर २,०५० वरून साधारण २,२६०. तोट्यात गेलेली कंपनीच जास्त वाढली की!

भट्टीवाला: हे मान्य. पण ते पीई ४ मुळे झालं, हे कशावरून? सुगीचं एक वर्ष धरण्यापेक्षा मार्च २०२२ पर्यंतच्या तीन वर्षांची सरासरी काढा. साधारण १७,००० कोटी नफा आणि १.६ लाख कोटींचं बाजारमूल्य, म्हणजे पीई ९ च्या वर. आता त्याची तुलना पोलादाच्याच दुसऱ्या कंपनीशी करा, साबणाशी नको.

कोकणकन्या: पण तीनच वर्षं का? पाच घेतली तर आकडा पुन्हा बदलणार.

भट्टीवाला: बदलणारच. मी शक्यतो एक पूर्ण तेजी-मंदी सामावेल इतकी घेतो, पण ती कुठे संपली हे ठरवताना मीही दोनदा फसलोय.

आकडेमोड: म्हणजे अंदाजच. मग माझा ४ काय वाईट होता?