साइटचा पत्ता आणि डिझाइन एकदम बदलताना जुनी टायटलं तशीच न्यावीत का?

पानगळ

आमची सुट्या भागांची साइट नव्या डोमेनवर जाते आहे आणि त्याच दिवशी नवं डिझाइनही चढणार आहे. सहाशेच्या आसपास पानं. जुने पत्ते `product.php?id=14` छापाचे, नवे शब्दांचे. रीडायरेक्टच्या शीटमध्ये सध्या दोनच रकाने आहेत, जुना पत्ता आणि नवा पत्ता. माझं म्हणणं, प्रत्येक पानाचं टायटल आणि डिस्क्रिप्शनही त्याच ओळीत असावं आणि नव्या पानावर जसंच्या तसं जावं. डिझाइनची टीम म्हणते, सगळं नव्याने लिहू, जुनं कशाला ओढत न्यायचं? तुम्हाला काय वाटतं?

अक्षरबंध

मी टीमच्या बाजूने. जुन्या साइटींची टायटलं बघणं हेच माझं काम आहे. निम्म्या पानांवर नुसतं कंपनीचं नाव, उरलेल्यांवर कुणीतरी कधीतरी कोंबलेले कीवर्ड. डिझाइन बदलताना प्रत्येक पान कुणीतरी उघडून बघतंच. ही वेळ गेली की 'नंतर लिहू' म्हटलेलं कधीच लिहिलं जात नाही. शिवाय गूगल हल्ली टायटल स्वतःच बदलून दाखवतं, मग जुन्यावर एवढा जीव कशाला?

दोरखंड

गूगल बदलतं हे खरं, पण किती? 2021 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी टायटल बनवण्याची पद्धत बदलली आणि त्यावर ओरड झाली. सप्टेंबरमध्ये त्यांनीच सांगितलं, की सुमारे 87 टक्के वेळा पानाचंच टायटल वापरलं जातं. म्हणजे तुम्ही लिहिलेलंच बहुतेक वेळा दिसतं.

माझं मत पानगळ यांच्यासारखंच आहे, पण कारण वेगळं. जुनी टायटलं चांगली आहेत असं मी म्हणत नाही. पत्ता बदलला, मांडणी बदलली आणि टायटलही बदललं, मग महिन्याभराने शोधातून येणारी माणसं घटली तर दोष कुठे शोधणार? डोमेन बदलल्यावर काही आठवडे चढउतार होतातच. त्यात जेवढ्या गोष्टी स्थिर ठेवता येतील तेवढ्या ठेवायच्या. टायटल स्थिर ठेवायला तर काहीच खर्च नाही.

आणि टायटल त्याच ओळीत ठेवण्याचा खरा फायदा तपासणीत आहे. नुसता रीडायरेक्ट तपासला तर 301 मिळतो, पुढे 200 मिळतो आणि सगळं हिरवं दिसतं. पण id=14 चा पत्ता id=41 च्या पानावर गेला असेल तरी हिरवंच दिसतं. म्हणून जुन्या पत्त्यावर जायचं, रीडायरेक्ट नेईल तिथे पोचायचं आणि तिथलं टायटल शीटमधल्याशी ताडायचं. चुकीचं पान आणि गळालेलं टायटल दोन्ही एकाच झटक्यात सापडतात.

```
while IFS=$'\t' read -r old title; do
  got=$(curl -sL "$old" | grep -o '<title>[^<]*' | head -1)
  [ "$got" = "<title>$title" ] || echo "$old | $got"
done < map.tsv
```

map.tsv मध्ये शीटमधले जुना पत्ता आणि टायटल एवढे दोनच रकाने काढून घ्या. जुनं डोमेन अजून हलवलं नसेल तर हे चालवणाऱ्या मशीनच्या hosts फाइलमध्ये दोन्ही नावं चाचणीच्या सर्व्हरकडे वळवा. टायटलमध्ये & असेल तर पानाच्या सोर्समध्ये तो `&amp;` असतो, तेवढ्या ओळी उगाच बोंबलतील. ज्या पानांचं टायटल मुद्दाम बदलायचंय तिथे शीटमध्ये नवं लिहा, चाचणी तीच.

मधली_सुट्टी

टायटलचं पटलं. पण डिस्क्रिप्शनला इतकं डोक्यावर घेऊ नका. गूगलने कधीच सांगितलंय की रँकिंगमध्ये ते धरत नाहीत. तो रकाना सरळ उडवा. आणि पहिले काही दिवस 302 ठेवा, सगळं नीट चाललं की 301 करा. मागे फिरायची वाट मोकळी राहते.

दोरखंड

डिस्क्रिप्शन रँकिंगमध्ये नाही हे बरोबर. पण यादीत तुमचं पान दिसल्यावर माणूस त्यावर बोट ठेवतो की खालच्यावर, हे बऱ्याचदा त्या दोन ओळींवर ठरतं. गूगल अनेकदा त्या ओळी पानातल्या मजकुरातून उचलतं, हेही आलंच. आणि नव्या डिझाइनमध्ये पानाच्या सुरुवातीचा मजकूर काढून मोठं चित्र टाकलं असेल, तर उचलायला उरतं काय? मेनूतले शब्द. म्हणून रकाना ठेवा. रिकामा असेल तर रिकामाच ठेवा, पण आहे ते फेकू नका.

302 चं मात्र मुळीच करू नका. 'हे पान तात्पुरतं तिकडे आहे' असं तुम्हीच सांगताय, म्हणजे यादीत जुनाच पत्ता ठेवायचा सल्ला देताय. मागे फिरण्याची भीती असेल तर आधी चाचणीचा सर्व्हर नीट तपासा.

सदाफुली

माझीही साइट हलवायची आहे. होस्टिंग बदलतेय, डोमेन तेच, पानंही तीच. मग मलाही सहाशे टायटलं शीटमध्ये भरावी लागतील का? वाचूनच दमले.

दोरखंड

नाही हो. पत्ते तेच असतील तर रीडायरेक्टचा प्रश्नच येत नाही. फायली आणि डेटाबेस हलवा, मग DNS बदला. चाचणीच्या काळात noindex लावलं असेल तर तेवढं काढायला विसरू नका.

तिरकस

माझा प्रश्न थोडा वेगळा होता, पण इथे बसतो. माझ्याकडे पंपाच्या सीलवर तीन पानं होती: एक मापांचं, एक सील बदलायची रीत, एक गळती का होते त्यावर. नव्या रचनेत तिघांचं एकच पान झालं. तीन जुने पत्ते, एक नवा पत्ता. आता टायटल कुणाचं न्यायचं? 'जसंच्या तसं' म्हणणाऱ्यांकडे याचं उत्तर नसतं.

मी सर्च कन्सोलमध्ये तिन्ही पानांचे शोधशब्द वेगवेगळे काढून बघितले. गळतीच्या पानावर येणारे लोक सर्वात जास्त, आणि ते सगळे 'पंप गळतो' अशा तऱ्हेचं काहीतरी टाकून येत होते. मापांच्या पानावर थोडेच, पण ते भागाचा नंबर टाकून यायचे, म्हणजे विकत घेणारे. म्हणून टायटल गळतीच्या पानाचं घेतलं, भागांचे नंबर नव्या पानाच्या उपशीर्षकांत आणि डिस्क्रिप्शनमध्ये घातले. तिन्ही पत्ते थेट नव्या पानावर वळवले. रीतीच्या पानाचं टायटल गेलं ते गेलंच. अजूनही वाटतं, मापांचं पान वेगळंच ठेवायला हवं होतं का?

आणखी एक. टायटलं डेटाबेसमधून काढू नका. माझी साइट वर्डप्रेसवर होती, निर्यात केली तर बऱ्याच पानांपुढे `%%title%% %%sep%% %%sitename%%` एवढंच आलं आणि उरलेल्यांपुढे तर काहीच नाही. खरं टायटल तिथे नसतंच, पान उघडताना ते जुळवलं जातं. जुनी साइट चालू असतानाच क्रॉलरने प्रत्येक पानावरून उचला. स्क्रीमिंग फ्रॉग फुकटात 500 पत्त्यांपर्यंत चालतो, तुमची सहाशे पानं त्यात मावणार नाहीत.

अक्षरबंध

तिरकस यांनी माझंच काम केलं. तिथे नवं लिहिणं भागच होतं ना? मग ज्या पानांवर नुसतं कंपनीचं नाव आहे तिथेही तेच. तुमच्या गोठवण्याने चाळीस पानं एकाच टायटलने नव्या डोमेनवर जाणार. हे स्थैर्य कुणाच्या उपयोगाचं?

दोरखंड

ती चाळीस बदला, माझी हरकत नाही. एकसारखी टायटलं तशीही कुणाला आणत नव्हती, तिथे गमावण्यासारखं काही नाही. ज्या पानांवर माणसं येतात त्यांना हात लावू नका, एवढंच.

फरक कळायचा कसा, तेही सांगतो. नव्या डोमेनवर पानाचा सरासरी क्रमांक जुन्याइतकाच आहे आणि क्लिकचं प्रमाण पडलं, तर टायटल-डिस्क्रिप्शनकडे बघा. क्रमांक आणि दिसण्याची संख्या दोन्ही पडली, तर रीडायरेक्ट किंवा पानातला मजकूर. यात एक खाच आहे. सर्च कन्सोलमध्ये 'पत्ता बदलला' असं कळवलं तरी जुन्या डोमेनचे आकडे नव्याकडे येत नाहीत, दोन खाती वेगळीच राहतात. जोडायचे तर शीटमधली हीच ओळ वापरून स्वतः जोडायचे. आणि स्क्रीनवरून 1,000 च ओळी उतरतात, जुने आकडे 16 महिन्यांपुढचे मिळत नाहीत. आत्ताच उतरवून ठेवा.

अक्षरबंध

माणसं येतात त्या पानांची टायटलं किती दिवस गोठवायची ते सांगा. 'स्थिर होईपर्यंत' म्हणजे कायमचं, हा माझा अनुभव आहे.

दोरखंड

बहुतेक जुन्या पत्त्यांऐवजी नवे पत्ते शोधात दिसायला लागले आणि त्यानंतर महिनाभराचे आकडे हातात आले, की सुरू करा. लहान-मध्यम साइटला पहिला टप्पा काही आठवड्यांचा. तारीख सांगणार नाही.

अक्षरबंध

तारीख नाही म्हणजे होणार नाही. मी आपली दोन महिन्यांची तारीख लिहून घेईन.

तिरकस

कंपनीचं नावही बदलतंय का? तसं असेल तर प्रत्येक टायटलच्या शेवटी जुनं नाव चिकटलेलं असेल. ते 'जसंच्या तसं' कसं नेणार?

पानगळ

नाव थोडंसं बदलतंय. शेवटचा तुकडा बदलू, आधीचा भाग तसाच ठेवू. शीटमध्ये पूर्ण नवं टायटल लिहून घेतलंय.

nginx मध्ये नकाशा असा घातलाय, यात काही चुकतंय का?

```
map $request_uri $new_path {
    default              "";
    /product.php?id=14   /seal/pump-galti/;
}
```

दोरखंड

`$request_uri` मध्ये प्रश्नचिन्हानंतरचं सगळं येतं. जाहिरातीतून किंवा मेलमधून आलेल्या लिंकला `&utm_source=...` जोडलेलं असतं. मग ती ओळ जुळणार नाही, माणूस 404 वर जाईल आणि तुमच्या चाचणीत ते दिसणारही नाही, कारण शीटमधले पत्ते स्वच्छ आहेत. असं करा:

```
map "$uri:$arg_id" $new_path {
    default            "";
    "/product.php:14"  /seal/pump-galti/;
}
```

आणि ज्या पानांना जोडीदार नाही ती मुख्यपानावर ढकलू नका. गूगल त्याला 'पान सापडलं नाही' असंच धरतं आणि माणूसही वैतागतो. सरळ 404 द्या. जुन्या डोमेनचं नूतनीकरण करत राहा, रीडायरेक्ट किमान वर्षभर हवेत. जुन्या डोमेनवर robots.txt ने बंदीही घालू नका, नाहीतर गूगलला रीडायरेक्ट दिसणारच नाहीत.

पानगळ

चाचणी चालवली. बहुतेक सगळ्या ओळी बाहेर पडल्या! सगळीकडे एकच टायटल, मुख्यपानाचं. ब्राउझरमध्ये मात्र प्रत्येक पानाचं टायटल बरोबर दिसतंय. डेव्हलपर म्हणतो चाचणीच चुकीची आहे.

दोरखंड

चाचणी बरोबर आहे. टायटल ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने बसवलं जातंय, सर्व्हर सगळ्यांना एकच पान पाठवतोय. `view-source:` लावून बघा. गूगल जावास्क्रिप्ट चालवतं, पण मेसेजमध्ये लिंक टाकल्यावर जो छोटा तुकडा दिसतो तो बनवणारे बहुतेक चालवत नाहीत. आणि स्थलांतराच्या दिवशी गूगलच्याही भरवशावर का राहायचं? टायटल आणि डिस्क्रिप्शन सर्व्हरवरूनच यायला हवं, डेव्हलपरला तेवढं करू द्या. तोवर तारीख पुढे ढकला.

अक्षरबंध

तारीख ढकलताच आहात तर मधल्या वेळात ती एकसारखी टायटलं मला पाठवा, लिहून टाकते.