मदत हवी आहे: ‘सगळ्या थांबत नाहीत’ म्हणजे नक्की किती?

काल ठाण्याला फलाटावर एक काकू म्हणाल्या, “सगळ्या फास्ट गाड्या मुलुंडला थांबत नाहीत हं.” मी मुकाट्याने स्लो पकडली. नंतर वाटलं, त्यांना नक्की काय म्हणायचं होतं?

F(x) म्हणजे x फास्ट गाडी, M(x) म्हणजे x मुलुंडला थांबते. ¬ म्हणजे नकार, ∀x म्हणजे ‘प्रत्येक x साठी’, → म्हणजे ‘असेल तर’.

```
१) ¬∀x(F(x) → M(x))
२) ∀x(F(x) → ¬M(x))
```

पहिल्यात नकार ‘सगळ्या’च्या बाहेर आहे: काही थांबतात, काही नाही, असंही चालेल. दुसऱ्यात तो आत आहे: एकही थांबत नाही. तीन गाड्यांपैकी एक थांबली तर पहिलं खरं, दुसरं खोटं. एकही थांबली नाही तर दोन्ही खरी, त्यामुळे त्या उदाहरणावरून काहीच ठरत नाही. (गाडीच नसेल तर दुसरं उगाच खरं ठरतं, ते सोडा.)

अडचण ‘च’ची आहे. “सगळ्याच गाड्या थांबत नाहीत” यात मला पहिलाच अर्थ ऐकू येतो, पण माझी सासू ठामपणे दुसरा घेते. तीनपैकी एक गाडी थांबत असेल, तर हे ‘च’वालं वाक्य तुम्हाला खरं वाटेल का? ‘सगळ्याच’वर जोर दिल्याने उत्तर बदलतं का?