मदत हवी आहे: सेटलिंग टँकच्या सूत्रात खोली का नाही?

मंजिरी_दांडियाबाजार
नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्यात सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सोमवारी जलशुद्धीकरणाच्या स्लाइड्स वर्गासमोर समजावून सांगायच्या आहेत. जाळीची स्लाइड सोपी आहे: पालापाचोळा अडतो, पंप वाचतो. गाडी अडलीय सेटलिंग टँकवर.

उदाहरण असं: दिवसाला १२,००० घनमीटर पाणी, टाकीचं क्षेत्रफळ ४०० चौरस मीटर, खोली ३ मीटर. १२,००० भागिले ४०० म्हणजे दिवसाला ३० मीटर. याहून वेगाने खाली बसणारा प्रत्येक कण टाकीत अडकतो, असं लिहिलंय. पण यात खोली आलीच नाही! टाकी खोल केली तर पाणी जास्त वेळ थांबेल, मग गाळही जास्त बसायला नको का?

सुलभाकाकू
अगं, पावसाळ्यात आमच्याकडेही नळाला गढूळ पाणी येतं. मी पिंपात तुरटी फिरवते आणि रात्रभर झाकून ठेवते. सकाळी तळाशी साका बसलेला असतो. वरचं पाणी अलगद काढून घ्यायचं. टाकी साफ करणारा माणूस हवा असेल तर सांग.

कौस्तुभ_इंदूर
खोलीचा काही संबंधच नाही. सूत्रात नाही म्हणजे नाही. अर्धा मीटर खोलीची टाकी बांधा, काँक्रीट वाचेल.

जुना_प्लांटवाला
कौस्तुभराव अर्धे बरोबर आहेत. मंजिरी, तुझ्याच आकड्यांवर बघ.

३० मीटर प्रतिदिन म्हणजे तासाला सव्वा मीटर. टाकीत १,२०० घनमीटर पाणी मावतं आणि तासाला ५०० येतं, म्हणून पाणी २.४ तास थांबतं. तेवढ्यात तो कण बरोबर ३ मीटर उतरतो. आता खोली ६ मीटर कर. पाणी ४.८ तास थांबेल, पण कणालाही ६ मीटर उतरायचंय. वेळ दुप्पट, वाटही दुप्पट.

हळू कणाचंही तसंच. तासाला अर्धा मीटर उतरणारा कण २.४ तासांत १.२ मीटर जातो. म्हणजे टाकीत शिरतानाच जे तळापासून १.२ मीटरच्या आत होते तेवढेच बसणार, ४० टक्के. सहा मीटरच्या टाकीत २.४ मीटरच्या आतले बसतील, पुन्हा ४० टक्केच. याउलट मधोमध एक आडवा तळ घातला तर बसायला जागा दुप्पट होते. ट्यूब सेटलरच्या तिरप्या नळ्या याच कामासाठी असतात. त्या साधारण ६० अंशांत ठेवतात, म्हणजे बसलेला गाळ आपोआप घसरून खाली जातो.

आता अर्धा मीटर. पाणी तेवढंच आणि रुंदीही तीच, तर आडवा वेग सहापट होईल. बसलेला गाळ उचलून फिल्टरकडे जाईल. शिवाय गाळ साठवायला आणि काढायला तळाशी जागा लागतेच.

मंजिरी_दांडियाबाजार
वेळ आणि वाट दोन्ही दुप्पट, हे आता पटलं! मग पुढच्या स्लाइडवर तुरटी कशाला? क्षेत्रफळ वाढवलं की झालं.

जुना_प्लांटवाला
दोन मायक्रॉनचा चिकणमातीचा कण तासाला सव्वा-दीड सेंटिमीटर उतरतो. तुझ्या टाकीत तो तीन-चार सेंटिमीटर खाली जाऊन बाहेर पडेल. त्याच्यासाठी सुमारे शंभरपट क्षेत्रफळ लागेल, मैदानंच्या मैदानं! सुलभाताईंच्या पिंपात तुरटीने बारीक कण एकमेकांना चिकटतात, मोठे होतात आणि बसतात. प्लांटमध्ये तुरटी किती घालायची हे रोजच्या पाण्यावर जार टेस्ट करून ठरतं. कमी पडली तर बाहेर पडणारं पाणी दुधी दिसतं.

रेवती_अलकापुरी
पण महीच्या पाण्याला हे सगळं लागतं कुठे? फ्रेंच विहिरींत ते नदीच्या वाळूतूनच गाळून येतं ना?

जुना_प्लांटवाला
तिथे वाळूच बरंचसं काम करते, खरं आहे. क्लोरीन मात्र तिथेही लागतोच. आजव्याचं पाणी उघड्या तलावातलं, त्याची गोष्ट वेगळी. म्हणून ते निमेट्याच्या प्लांटमधून जातं.

मंजिरी, क्लोरीनच्या स्लाइडवर एवढं जरूर सांग की गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आड लपतात आणि कणांवरचा सेंद्रिय मळ क्लोरीन खाऊन टाकतो. सेटलिंग नीट झालं नाही तर आधी फिल्टर लवकर तुंबतो आणि बॅकवॉश वारंवार करावा लागतो. मग तोच गढूळपणा क्लोरीनच्या टप्प्यापर्यंत पोचतो. नळाशी लिटरला ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरला पाहिजे.

कौस्तुभ_इंदूर
एक शंका. तुरटीने कण उतरता उतरता मोठे होत असतील तर त्यांचा वेगही वाटेत वाढणार. मग खोल टाकीत फायदा होईलच की! तुमचं ४० टक्क्यांचं गणित तिथे चालणार नाही.

जुना_प्लांटवाला
बरोबर पकडलंत. ते गणित सुट्या, न चिकटणाऱ्या कणांचं आहे. तुरटीच्या पाण्यासाठी उंच नळकांड्यात पाणी भरतात, वेगवेगळ्या उंचीवरच्या तोट्यांतून ठरावीक वेळाने नमुने काढतात आणि मग खोली ठरवतात. तरी प्रत्यक्ष टाकीतले प्रवाह नळकांड्यात दिसत नाहीत, म्हणून हातचं राखून आकडे धरावे लागतात. किती राखायचे यावर आमच्यातही एकमत नसे.

मंजिरी_दांडियाबाजार
हे स्लाइडवर घालू का? सर लगेच विचारतील, मग ३० चा आकडा आला कुठून?

रेवती_अलकापुरी
घालू नकोस, दहा मिनिटांत संपवायचंय.

कौस्तुभ_इंदूर
घाल. विचारू देत.