‘तू माझ्यापेक्षा खूप चांगली आहेस’ म्हणजे नक्की काय?

मुक्ता_पुणे: दोन वर्षं एकत्र आहोत. मी सीए, तो चाकणला एका कारखान्यात सुपरवायझर. मागच्या महिन्यात पहिल्यांदाच आमच्या घरी जेवायला आला. चार दिवसांनी म्हणाला, “तू माझ्यापेक्षा खूप चांगली आहेस, तुला चांगला मुलगा मिळेल.” हा चांगुलपणा, भीती, की सभ्य भाषेत नकार?

रोखठोक: नकार. ठरवून होणाऱ्या लग्नात ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणतात, प्रेमात पत्रिका नसते म्हणून हे. दोन्हींची सोय एकच, कुणाशी भांडताच येत नाही. गुरुजींनी सांगितलं म्हटल्यावर बोलणंच खुंटतं. इथे तर समोरचा स्वतःलाच कमी लेखतोय, म्हणजे नकार ऐकायचा तुम्ही आणि समजूतही काढायची तुम्हीच!

घाटावरचा: सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. हे वाक्य मी स्वतः बोललोय. तिच्या वडिलांचा बाणेरला फ्लॅट, माझ्या डोक्यावर बहिणीच्या लग्नाचं कर्ज. जेवताना तिच्या काकांनी विचारलं, “पॅकेज किती?” मी आकडा सांगितला. कुणी वाईट बोललं नाही. काकूंनी न विचारता आणखी एक पोळी वाढली आणि विषय पावसावर गेला. ती पोळी कशीबशी संपवली. मला ती मुलगी हवीच होती, पण त्या घरात जन्मभर असंच बसायचं या विचाराने पोटात गोळा आला. तिने ऐकून घेतलं, रडली, आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

सुमनमावशी: मुक्ता, जरा कमी चांगलं वागून बघ गं. सगळं मुलीनेच केलं की मुलं शेफारतात. मी ह्यांना कधी हातात चहासुद्धा दिला नाही.

रोखठोक: मावशी, तिच्या स्वभावाबद्दल नाही चाललंय. काकांचं नशीब थोर, एवढंच म्हणतो.

अनघा_समुपदेशक: दोघांचं अर्धं अर्धं बरोबर आहे. मानसशास्त्रज्ञ बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी एकतर्फी प्रेमावर 1993 साली अभ्यास केला. त्यात नकार देणाऱ्यांनाही अपराधी वाटत होतं आणि काय बोलावं ते सुचत नव्हतं. मग माणूस गुळमुळीत बोलतो आणि ऐकणारा त्यातून आशा शोधतो. ही रोखठोक यांची बाजू.

घाटावरचा यांची बाजूही खरी आहे. मानसशास्त्रज्ञ सँड्रा मरे यांचं काम सांगतं की स्वतःबद्दल कमी मत असलेल्याला जोडीदाराच्या मनातली आपली किंमत खऱ्यापेक्षा कमी वाटते. ती सोडून जाईल, त्याआधी आपणच लांब व्हावं, असं त्याला होतं. अशा वेळी ‘नाही रे, तूच खूप चांगला आहेस’ म्हणून फार उपयोग होत नाही. कौतुक त्याला खोटं वाटतं.

मी आलेल्यांना एकच प्रश्न विचारायला सांगते: “नेमकं कशात?” मग गप्प बसायचं. भीती बहुतेक वेळा एखाद्या ठरावीक गोष्टीला चिकटलेली असते: पगार, इंग्रजी, बाबांचा एखादा प्रश्न. ती गोष्ट उघड झाली की माणूस अवघडतो, चिडतोसुद्धा, पण बोलणं सोडत नाही. जायचंच ठरलं असेल तर कारणं सरकत जातात. पगाराचं उत्तर दिलंत की आई पुढे येते, आईचं दिलंत की ‘मी लग्नाला तयारच नाही’. आणि त्या जेवणाआधीचे दोन महिने आठवा. तेव्हाच फोन कमी झाले असतील, तर जेवणाने फक्त निमित्त दिलं.

तरी हे काही लिटमस नव्हे. एकाच माणसात भीती आणि पळवाट दोन्ही असू शकतात.

वांगी_भरीत: मला फरकच कळत नाही. घाबरून गेला काय, कंटाळून गेला काय, तिच्या वतीने निर्णय त्यानेच घेतला. ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणे. तिचं भलं तिला विचारून ठरवायचं होतं ना? चांगुलपणा हा शब्द तर यात आणूच नका.

अनघा_समुपदेशक: निर्णयाबद्दल पटलं. पण फरक पडतो, किती दिवस थांबायचं त्यासाठी. घाबरलेल्यासाठी महिनाभर थांबण्यात काही अर्थ आहे. दुसऱ्यासाठी आठवडाही जास्त.

मुक्ता_पुणे: विचारलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तुझ्या बाबांनी ‘स्वतःचं घर आहे का’ विचारलं तेव्हा तू मोबाइलमध्ये बघत होतीस.” मला तो क्षण आठवतसुद्धा नाही. रविवारी भेटायचं ठरलं.

घाटावरचा: हीच ती पोळी.

रोखठोक: रविवार गेला. भेटला का?

मुक्ता_पुणे: नाही. मेसेज आला, शिफ्ट बदलली म्हणून. पुढच्या रविवारी म्हणतोय.

रोखठोक: बघा, सरकलं कारण.

घाटावरचा: चाकणला शिफ्ट खरोखर बदलतात हो.