शाळेतून आलेली 'लागलंय'ची चिठ्ठी: तुमचे अनुभव

मनीमाऊ: कपाट आवरताना लेकीची दुसरीतली डायरी सापडली. आत बाईंची एक ओळ: "आज वर्गात किरकोळ लागले आहे. औषध लावले. काळजी नसावी." अजूनही वाचताना पोटात गोळा येतो. त्या संध्याकाळी तिला उलटी झाली. डॉक्टरांनी विचारलं, कुठे लागलं? किती वाजता? लगेच रडली का, की थोडा वेळ गप्प पडून होती? मला एकाचंही उत्तर येईना. पोरगी नुसतं "बाकावर" म्हणे, शाळेत फोन कुणी उचलेना. शेवटी निघालं असं की कपाळ आपटलं होतं आणि उलटी पोट बिघडल्याची. पण ती रात्र मी घड्याळाकडे बघत काढली. तुम्हाला कशा चिठ्ठ्या आल्या? शिक्षक असाल तर कशा लिहिता?

उनाड: आमच्या वेळी चिठ्ठी नव्हती, घरी गेल्यावर वर दोन धपाटे मिळायचे 😄

फळा_डस्टर: शिक्षिका आहे, तास संपायच्या आत पटकन लिहिते. मागच्या महिन्यातली चिठ्ठी नाव काढून देते:

"आज 10.40 वाजता सुट्टीनंतर वर्गात येताना आपला मुलगा पडला. कपाळाची उजवी बाजू बाकाच्या कडेला लागली. पडताना मी पाहिले नाही, आवाज ऐकून वळले. तो लगेच रडला, बोलत होता. जखम नाही, टेंगूळ आहे. कापडात गुंडाळलेला बर्फ 10 मिनिटे धरला. पोटात कोणतेही औषध दिलेले नाही. 10.55 ला आपल्याला फोन केला. शाळा सुटेपर्यंत डोके दुखत असल्याचे तो म्हणाला नाही."

"पाहिले नाही" लिहायला आधी जीव धजत नसे, आपलाच हलगर्जीपणा दिसेल म्हणून. एकदा पोरांनी सांगितलं ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं लिहिलं. पडण्याआधीच त्याला चक्कर आली होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं. अडखळून पडणं वेगळं, चक्कर येऊन पडणं वेगळं, डॉक्टरांची तपासणीच बदलते.

बाबा_ऑन_ड्यूटी: औषध दिलं नाही हे कशाला लिहायचं? दिलं तर लिहा ना.

फळा_डस्टर: घरी तुम्ही दुखण्याचं औषध देणार. शाळेत आधीच दिलं असेल तर दोनदा जाईल. काहीच लिहिलं नाही तर तुम्ही अंदाजच करणार ना.

शिल्पा_के: डोक्याला लागलं की रात्री झोपू द्यायचं नाही, हेही लिहा. आमची आजी सगळ्यांना जागं ठेवायची.

रात्रपाळी: नर्स आहे. नेहमीच्या वेळी झोपू द्या हो. थकलेलं पोर जागं ठेवलं की ते चिडचिड करतं, मग ती दमल्याची की डोक्याची तेच कळत नाही. मात्र हाक मारून, हलवूनही नीट जागं होत नसेल तर थेट हॉस्पिटल. पुन्हापुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, झटका, डोळ्यांची एक बाहुली मोठी एक लहान, नाकाकानातून पाण्यासारखं येणं, यातलं काही दिसलं तरी थांबायचं नाही. पहिले दोन दिवस लक्ष ठेवा. चिठ्ठीत एवढं खाली असलंच पाहिजे. फळाताई, तुमच्यात ते दिसत नाही?

फळा_डस्टर: मागच्या बाजूला छापलेलं असतं, टाईप करायचा कंटाळा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून विचारते आणि तो आठवडा पळापळीच्या खेळातून बाजूला बसवते. बाकाची कड घासून घेतली, तेही चिठ्ठीत लिहून पाठवलं.

गोगलगाय22: रजेच्या अर्जाचा नमुना मिळेल का कुणाकडे? उद्या द्यायचाय.

उनाड: गोगलगाय, धागा चुकला.

बाबा_ऑन_ड्यूटी: माझ्या मुलाला एकाने ढकललं. चिठ्ठीत "दुसऱ्या एका मुलाचा धक्का लागला". नाव द्यायला काय जातं?

फळा_डस्टर: नाव दिलं की रात्रीपर्यंत दोन्ही घरांत भांडण. त्याच्या आईला मी वेगळं बोलते.

बाबा_ऑन_ड्यूटी: आणि "धक्का लागला" की "ढकललं"? शब्द तुमचा, डोकं माझ्या पोराचं. पटलं नाही, सॉरी.

शिल्पा_के: बाबांचं बरोबर आहे. पण माझाच मुलगा ढकलणारा निघाला होता, तेव्हा नाव नव्हतं म्हणून सुटले 🙈

मनीमाऊ: लेकीला धागा दाखवला. म्हणे, "आई, मी पडले नव्हते, बाकावरून उडी मारली होती." पंधरा वर्षांनी कळतंय!