खाली, काल आणि नववी मात्रा

फोंडेकर: मुलांच्या तबल्याच्या परीक्षेसाठी टिपण करतोय. 'त्रितालात नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे तिथे डग्गा बंद' असं लिहिलं, तर एका वादकाने शेवटच्या शब्दांवर काट मारली. आमचे आजोबा खालीला 'काल' म्हणायचे. 'खाली' हा शब्द हाताच्या क्रियेचा की डग्ग्याच्या बोलाचा?

मडगावची: काल म्हणजे काळ, रिकामी वेळ. 'खाली' हिंदीतून आलेला. आपण कालच म्हणावं.

साखळीकर: रिकामी वेळ वगैरे तुमची कल्पना. पण वादकाची काट बरोबर आहे. ठेका तोंडाने म्हणा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. नववीला टाळी न देता हात बाजूला जातो, पण तोंडात धा असतो आणि डावीकडचा डग्गा घुमतोय. तो गप्प होतो दहाव्या तिंला, आणि चौदाव्या धिंला परत बोलतो. म्हणजे तेरावीला टाळी पडते तेव्हा डग्गा बंदच. कानाने खाली शोधणारा पोरगा दहावीलाच नववी समजतो आणि सम, म्हणजे पुढची पहिली मात्रा, येते तेव्हा त्याची सोळावीच चालू असते. भातखंडे लेखनपद्धतीत खालीचं शून्य नवव्या मात्रेखालीच मांडतात, दहाव्या नव्हे.

वास्कोचा: आमच्या भजनी सप्ताहात आठ मात्रांचा ठेका. मोजतो कोण? झांज सांगते.

साखळीकर: इथे सोळा मात्रांचं चाललंय हो.

पेडण्याची: माझ्या शिकवणीत 'खाली' म्हटलं की पोरं हात गुडघ्याखाली नेतात, वर-खालीतला खाली! म्हणून मी 'काल' शिकवते. व्युत्पत्ती गेली खड्ड्यात.

फोंडेकर: पण मी तबल्यातला कायदा, म्हणजे विस्तारासाठी बांधलेले बोल, ऐकूनच लिहिलं होतं. धा धा ति ट, धा धा तिं ना, ता ता ति ट, धा धा धिं ना. यात नववीला ता आहे, डग्गा बंदच.

साखळीकर: कायद्यात हात आणि डग्गा नववीला जुळतात, मान्य. पण तुमच्याच कायद्यात तेरावीला धा आला, ठेक्यात तिथे ता होता. शिवाय ति ट तिसरी-चौथीलाही डग्ग्याविना वाजतात, त्याला कोणी खाली म्हणत नाही. हात मात्र दोन्हीकडे तोच: पहिली, पाचवी, तेरावी टाळी, नववी खाली. टाळ्या तीन म्हणून तर त्रिताल.

मडगावची: वादक मंडळीच बोलताना 'खालीचे बोल' म्हणतात की! मग शब्द बोलाचाही झालाच.

साखळीकर: बोलीत चालतं. परीक्षेच्या टिपणात नको.

मडगावची: टिपण काय वेगळ्या भाषेत लिहायचं? तबलावादक खाप्रूमामा पर्वतकरांच्या गोव्यात हा वाद!

फोंडेकर: मग वाक्य काय ठेवू?

पेडण्याची: आधी चार मात्रांच्या गटाला 'विभाग' न म्हणता 'खंड' लिहा. आणि मोजायला बोटाची तीन पेरं नि टोक, चार बोटांचे सोळा, हेही घाला. अंगठा फक्त फिरवायचा.