बरण्यांवरचा लेबलचा चिकटा जाईना, मदत हवी आहे

सुनीता_राजारामपुरी:
वर्षाची चटणी कांडपाहून आली की भरायला म्हणून जॅमच्या, लोणच्याच्या १४ काचेच्या बरण्या साठवल्या आहेत. रात्रभर पाण्यात बुडवल्या, कागद निघाला, पण खाली गमचा थर तसाच. हात लावला की चिकटतो आणि वर धूळ बसते. नव्या स्टीलच्या डब्यावरचं स्टिकरही अर्धंच निघालं. एका पारदर्शक प्लॅस्टिक डब्याचं झाकण थिनरने पुसलं तर ते पांढुरकं पडलं. आता काय करू?

पाटील_भाऊ:
ताई, गरम पाण्यात सोडा टाकून ठेवा, सगळं सुटतंय. आमच्यात असंच करतात.

काकू_मंगळवारपेठ:
भाऊ, सोड्याने काही बरण्यांचं जातं, सगळ्यांचं नाही. कागद पाण्याने सुटतो, पण बऱ्याच लेबलांचा गम पाण्यात विरघळत नाही, तो तेलात मऊ होतो. सुनीता, बरणी आधी पूर्ण कोरडी कर. गमावर गोडेतेल चोळ आणि अर्धा तास हात लावू नकोस. घाई केली तर तो नुसता पसरतो. मग जुन्या फडक्याने घासलं की गोळे होऊन निघतो. तेलकटपणा भांड्याच्या साबणाने दोनदा धू. लेबल प्लॅस्टिकचं असेल तर तेल आत जात नाही, म्हणून वरचा पापुद्रा आधी काढायचा.

स्टीलच्या डब्यात गरम पाणी भर, पाच मिनिटांनी स्टिकरचा कोपरा नखाने उचलून सावकाश ओढ. उरलेल्याला तेलच. तारेची घासणी लावलीस तर चकाकीवर ओरखडे कायमचे. आणि थंड काचेत उकळतं पाणी ओतू नकोस, तडकते.

बुलेटवाला_कोल्हापूर:
माझ्या गाडीच्या टाकीवर उन्हात वाळलेलं स्टिकर आहे. पेट्रोलने निघेल काय?

काकू_मंगळवारपेठ:
तुमचा प्रश्न वेगळा, रंगाचा आहे. पण पेट्रोल स्वयंपाकघरात नकोच, गॅस शेजारी असतो.

सुनीता_राजारामपुरी:
काकू, पाच बरण्या स्वच्छ! सहावीचा गम पिवळा, कडक झालाय, अर्ध्या तासात हलला नाही.

काकू_मंगळवारपेठ:
जुना गम वाळून घट्ट होतो. तेलात भिजवलेलं फडकं त्यावर गुंडाळून रात्रभर ठेव. मग जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने खरवड.

सुनीता_राजारामपुरी:
आणि ते झाकण?

काकू_मंगळवारपेठ:
पांढरं पडलं म्हणजे थिनरने प्लॅस्टिकच खाल्लंय, वर काही चिकटलेलं नाही. घासून जायचं नाही. बारीक तडे दिसतात का बघ, दिसले तर त्यात चटणी भरू नकोस, डाळींना ठेव. पुढे प्लॅस्टिकला तेलच, तेही आधी बुडाखाली थोडं लावून बघ.

पाटील_भाऊ:
मी तरी सोडाच वापरणार. माझ्या बाटल्या निघाल्यात की.

सुनीता_राजारामपुरी:
सहावीला फडकं गुंडाळलंय. उद्या बघते.